ऐकणार नसाल तर विचारू नका

गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या भरतीत मी मदतीला होतो. काउंटरवर बसणारे १० लिपिक हवे होते आणि छाननीनंतर १४० अर्ज उरले होते. अध्यक्षांच्या कानावर आलं होतं की हल्ली पहिल्या फेरीला कुणी बोलावत नाही, नुसती लिंक पाठवतात. पोरं मोबाइलसमोर बसून उत्तरं रेकॉर्ड करतात आणि आपण सवडीनं बघायची. "वेळ वाचतो हो," ते म्हणाले. पाच प्रश्नही तयार होते : स्वतःबद्दल सांगा, आमच्याकडेच का यायचंय, तुमच्या जमेच्या आणि कमकुवत बाजू, पाच वर्षांनी कुठे असाल, ताण कसा हाताळता. प्रत्येकी दोन मिनिटं.

मी कागदावर गुणाकार मांडला. १४० उमेदवार, पाच प्रश्न, दोन मिनिटं म्हणजे १,४०० मिनिटं, अर्थात २३ तास २० मिनिटं. दोघांनी स्वतंत्र बघायचं तर दुप्पट. हे कोण बघणार? समितीत तिघे, तिघेही आपापले धंदे सांभाळून येणारे. अध्यक्ष हसून म्हणाले, "सगळं कुठं बघायचं? पहिल्या वीस सेकंदांत माणूस कळतो की."

माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे. वीस सेकंदच बघायचं असेल तर दहा मिनिटं बोलायला लावू नये. समोरासमोरच्या मुलाखतीत निदान दोघांचाही वेळ जातो. इथे उमेदवार भावाला खोलीबाहेर काढतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, नेटवर्क मिळावं म्हणून गच्चीवर जातो, चार वेळा सराव करतो आणि पलीकडे त्याचं उत्तर कुणी उघडलंच नाही हे त्याला कधीच कळत नाही. वेळ वाचतो तो फक्त एका बाजूचा.

तरीही मी या पद्धतीच्या विरोधात नाही. उलट, नीट वापरली तर ती बऱ्याच समोरासमोरच्या मुलाखतींपेक्षा न्याय्य ठरते, असं माझं मत आहे. पण त्यासाठी आधी एक समजूत बदलावी लागते. एकतर्फी रेकॉर्डिंग ही मुलाखत नसतेच. त्यात भेट नाही, प्रतिप्रश्न नाही, ओळख नाही. ती तोंडी दिलेली उत्तरपत्रिका असते. मी बारा वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आहेत. ते रेकॉर्डिंग पाहताना मला मुलाखतीच्या खोलीपेक्षा तपासणीचा गठ्ठाच आठवत राहिला. उत्तरपत्रिका म्हटली की प्रश्नपत्रिका कशी काढायची, नमुना उत्तर कधी लिहायचं, तपासलेले पेपर पुन्हा बघणारा नियामक कशाला लागतो, हे सगळं आपल्याला आधीपासून माहीत असतं. भरतीच्या टेबलावर बसलो की ते आपण विसरतो.

तोंडी परीक्षेबद्दलचा संशय आपल्याकडे जुना आहे आणि तो उगाच नाही. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तो अजय हासिया खटला. लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. उमेदवारांचं म्हणणं असं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर आईवडील कोण, राहता कुठे. नोव्हेंबर १९८० च्या निकालात न्यायालयानं तोंडीचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त ठेवणं मनमानी ठरेल असं सांगितलं, आणि आणखी एक गोष्ट सुचवली जी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही : मुलाखती टेपवर घ्याव्यात, म्हणजे काय विचारलं आणि काय उत्तर आलं याचा पुरावा राहील. पुढे केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. टेपची सूचना मात्र आता खासगी भरतीत मागच्या दारानं, तीही फुकटात, येऊन बसली आहे. पण टेप असणं आणि ती ऐकणं यात फरक आहे, आणि प्रश्नच जर "राहता कुठे" या जातीचा असेल तर टेपवर तोच उमटणार.

म्हणून आम्ही पाचही प्रश्न बाजूला ठेवले. "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नाचं चूक उत्तर काय असतं ते मला कुणी सांगावं. ज्या प्रश्नाचं पाचापैकी दोन गुणांचं उत्तर आपल्याला लिहून दाखवता येत नाही, तो प्रश्न विचारायचाच नाही, हा नियम केला. मग शाखा व्यवस्थापकांना विचारलं की नवीन लिपिक पहिल्या सहा महिन्यांत कुठे फसतो. त्यांनी तीन जागा सांगितल्या : ग्राहकाच्या भल्याचं काय हे ओळखण्यात, दिवसअखेर रोख जुळवण्यात आणि योजना सोप्या भाषेत समजावण्यात. तीन जागा, तीन प्रश्न, प्रत्येकी ९० सेकंद. बघायचा वेळ एका तपासनिसामागे साडेदहा तासांवर आला. गुण लिहायला उत्तरामागे अर्धं मिनिट धरलं तर १४ तास. एवढं दोघे जण चार दिवसांत करू शकतात. म्हणजे प्रश्न किती, हे आपल्याला काय काय जाणून घ्यायची हौस आहे त्यावर ठरवायचं नसतं. तपासणारे किती आणि त्यांचे तास किती, त्यावर ठरतं.

रोख जुळत नसल्याचा आणि आवर्ती ठेव समजावण्याचा प्रश्न सरळ होते. पहिला मात्र इथे पूर्ण देतो, कारण पुढची सगळी मजा आणि फजिती त्यातच झाली.

"काउंटरवर ७० वर्षांच्या एक आजी आल्या आहेत. सोबत पुतण्या आहे. दोन लाखांची मुदत ठेव आजच मोडून पैसे रोख हवेत असं म्हणणं आहे. मुदत संपायला चार महिने आहेत. बोलतो आहे तो पुतण्याच. तुम्ही काय काय कराल, क्रमानं सांगा."

या प्रश्नाला अनुभव लागत नाही, म्हणून आत्ताच बी.कॉम. झालेल्या मुलीला आणि चार वर्षं दुसऱ्या पतसंस्थेत काढलेल्याला तो सारखाच पडतो. "पूर्वी असा प्रसंग आला तेव्हा काय केलंत" असं विचारलं असतं तर नवख्यांकडे सांगण्यासारखं काही नसतं. शिवाय प्रतिप्रश्न करता येत नाही, तेव्हा लागणारी सगळी माहिती प्रश्नातच द्यावी लागते : वय, रक्कम, उरलेली मुदत, कोण बोलतंय. आणि प्रश्न पडद्यावर मजकुरातही हवा, कारण एकदाच ऐकून तो लक्षात ठेवणं ही वेगळीच परीक्षा होते. वाचायला एक मिनिट, नंतर ९० सेकंद, एक रिटेक. रिटेक घेतला की नाही ते तपासणाऱ्याला दिसू नये, अशी सोय करून घेतली. ज्यांना अडखळण्यामुळे किंवा इतर कारणानं कॅमेऱ्यासमोर हे जमणार नाही, त्यांना हेच प्रश्न, हीच गुणपट्टी, पण शाखेत येऊन, हवा तेवढा वेळ घेऊन.

गुणपट्टी आम्ही लिंक पाठवायच्या आधी लिहिली. हे महत्त्वाचं, कारण उत्तरं ऐकून मग लिहिलेली पट्टी आवडलेल्या उमेदवाराच्या मापाची शिवली जाते. १ गुण : पुतण्या म्हणेल तसा अर्ज भरून घेतो. ३ गुण : आजींशी थेट बोलतो, मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळेल हे सांगतो, पावतीवर त्यांचीच सही किंवा अंगठा घेतो. ५ गुण : वरचं सगळं, शिवाय आजींना क्षणभर एकटं विचारतो, पैसे रोख देण्याऐवजी त्यांच्याच खात्यावर जमा करायला सुचवतो, खरंच नड असेल तर ठेव न मोडता ठेवतारण कर्जाचा पर्याय सांगतो आणि शंका असेल तर व्यवस्थापकांना बोलावतो. २ आणि ४ हे मधले. पट्टीत "आत्मविश्वास", "व्यक्तिमत्त्व", "स्मार्टनेस" हे शब्द नव्हते. ते नसल्यामुळे काय झालं ते सांगतो.

तपासणीची पद्धत बोर्डाचीच. आधी सहा उत्तरं दोघांनी एकत्र ऐकली, प्रत्येकानं मनात न ठेवता कागदावर गुण लिहिले, मग कागद उलटे केले. एका उत्तराला माझे ४, सोबतच्या बाईंचे २. बाई त्याच क्षेत्रात पंचवीस वर्षं काढलेल्या, अनुभवानं माझ्यापेक्षा पुढे. विचारलं तर म्हणाल्या, "बोलण्यात दम नाही हो त्याच्या." मुलगा बहुधा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातला, खालच्या आवाजात, आमच्याशी बोलतोय की स्वतःशी कळू नये असं बोलत होता. पण त्यानं आजींना बाजूला घेतलं होतं, व्याजाचं सांगितलं होतं, खात्यावर पैसे टाकायचं सांगितलं होतं. आम्ही पट्टी समोर ठेवून एकेक ओळ जुळवली. दम कुठल्या ओळीत बसतो ते बाईंनाच सापडेना. त्यांनी गुण बदलले. आणि पुढच्याच उत्तराला, एका फर्ड्या बोलणाऱ्या मुलीला, मी उदारपणे दिलेले ४ मलाच ३ करावे लागले. ती छान बोलली होती, आजींशी मात्र एकदाही बोलली नव्हती. खरं तर २ च व्हायला हवे होते, पण माझाही जीव होईना.

त्या तासाभरानंतर आम्ही ठरवलं की पहिली फेरी पडदा झाकून, नुसतं ऐकून करायची. नावांच्या जागी क्रमांक आधीच होते, कारण आपल्याकडे आडनावावरून गाव आणि जात ओळखायला कुणाला दोन सेकंदही लागत नाहीत. चेहरा झाकल्यावर शर्ट, मागची भिंत, पंख्याचा रंग हेही गेलं. "काउंटरवरच्या माणसाचा चेहरा नको का बघायला?" असं अध्यक्षांनी विचारलं. बघायचा ना, पण प्रत्यक्ष बोलावल्यावर. चेहऱ्यावरून माणूस ओळखू असं म्हणणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्याही होत्या. एकतर्फी व्हिडिओच्या धंद्यातली अमेरिकेची हायरव्ह्यू ही कंपनी उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे हावभाव यंत्राकडून मोजून घेत असे. टीका झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिनं ते सोडल्याचं जाहीर केलं. जे त्यांना जमलं नाही ते आम्हाला चहा पिता पिता जमेल असं मानायला मी तयार नव्हतो. बोली मात्र झाकता येत नाही. आवाजावरून विदर्भ की कोकण ते कळतंच. तेवढा दोष या पद्धतीत राहतो, आणि मी तो मान्य करतो.

दुसरा नियम असा की उमेदवारावार तपासायचं नाही, प्रश्नावार तपासायचं. आधी १४० जणांचं पहिलं उत्तर, सगळं संपल्यावर दुसरं, तेही वेगळ्या क्रमानं. एकाच मुलाची तिन्ही उत्तरं सलग ऐकली की पहिल्याची गोडी तिसऱ्यापर्यंत जिभेवर राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकनं १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या शेऱ्यांमध्ये हेच पाहिलं होतं, एका गुणाची छाया बाकी सगळ्या गुणांवर पडते. पेपर तपासणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या पानावरचं मोत्यासारखं अक्षर पाहून शेवटच्या पानावर त्याचा हात आपोआप सैल होतो.

दुसरी गोष्ट हात सैल होण्याचीच, पण दिवसागणिक. दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात आमच्या कार्यालयातल्या मुलानं पहिल्या दिवशीची दहा उत्तरं नवीन क्रमांक टाकून गुपचूप मिसळली होती. तसं करायला मीच त्याला सांगितलं होतं आणि तरी कुठली ते मला ओळखता आलं नाही. दहापैकी चार उत्तरांना मी वेगळे गुण दिले होते, त्यातल्या तिघांना एकेक जास्त. म्हणजे मी दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा दयाळू झालो होतो. शंभर वेळा "फॉर्म भरून घेईन" ऐकल्यावर जरा कुणी आजींना नुसतं "बसा" म्हटलं तरी बरं वाटायला लागतं, त्याचा हा परिणाम. पहिल्या दिवशीची उरलेली उत्तरं पुन्हा ऐकावी लागली. चार तास गेले. समोरासमोरच्या मुलाखतीत ही चूक झालीच असती, फक्त ती कधी उघडकीला आली नसती.

एवढ्या चिकाटीनं शेवटपर्यंत ऐकायचं ते कशासाठी, याचं उत्तर ८७ क्रमांकानं दिलं. पहिली पंचवीस सेकंदं नुसतं "अं… म्हणजे… तर…". अध्यक्षांच्या हिशोबात हा बाद. मग जरा सुरळीत, व्याज वगैरे ठीक. सत्तराव्या सेकंदाच्या आसपास तो म्हणाला, "पुतण्याला मी आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवीन. म्हणजे तेवढ्यात आजींना विचारता येईल, पैसे नक्की कुणाला पाहिजेत." मी रेकॉर्डिंग थांबवून खुर्चीत मागे टेकलो. आमच्या पट्टीत "एकटं विचारतो" एवढंच होतं; पुतण्यासमोर ते साधायचं कसं, हे आम्हीही लिहिलं नव्हतं. पट्टी दुरुस्त केली : युक्ती कुठलीही असो, पुतण्याचा अपमान न करता त्याला दूर करणं याला ५ मध्ये स्थान. आणि मग आधीच्या ८६ जणांमध्ये असं काही सुटलं का, ते पुन्हा पाहिलं. दोघांनी तसं म्हटलं होतं. एकीनं चहा सांगायला पाठवलं होतं.

आता याची मर्यादा. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ठरीव प्रश्न आणि ठरीव गुणपट्टीची मुलाखत यादीत सगळ्यात वर आली. पण तिथेही पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.४२ च्या आसपास. त्याचा वर्ग केला तर माणसामाणसांच्या कामातल्या फरकाचा पाचवा हिस्साही पुरा त्यातून कळत नाही. आणि ते आकडे मुख्यतः समोरासमोरच्या मुलाखतींचे. तेव्हा आमच्या ३० गुणांवर (तीन प्रश्न, पाच गुण, दोन तपासनीस) थेट नोकरी देणं मूर्खपणा ठरला असता. चाळणी म्हणून ती ठीक : २० च्या वर असतील त्यांना बोलवायचं आणि तिथे त्याच आजींचा प्रसंग पुढे न्यायचा, "आजी म्हणाल्या, तो म्हणेल तसं करा. आता?"

त्या पुढच्या प्रश्नाचा दुसराही उपयोग होता. लिंक ४८ तास खुली होती आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, हे उत्तरांवरूनच दिसलं. अकरा जणांच्या तोंडी "ज्येष्ठ नागरिकांच्या आर्थिक हिताचे रक्षण" हा एकच शब्दप्रयोग होता, जो कुठलाही लिपिक काउंटरवर उच्चारत नाही. आम्ही त्यांना शिक्षा केली नाही. पट्टीतली कृती असेल तर गुण, नसेल तर नाही. नुसत्या त्या वाक्याला काहीच मिळत नव्हतं. प्रत्यक्ष भेटीत पुढचा प्रश्न पडल्यावर पाठांतर किती ते आपोआप कळलं. पुढच्या वेळी लिंक २४ तासच ठेवावी, एवढं माझं मत झालं.

रेकॉर्डिंगचं पुढे काय करायचं, हाही प्रश्न आधीच ठरवायचा असतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात यंत्राकडून तपासल्या जाणाऱ्या व्हिडिओ मुलाखतींसाठी २०२० पासून कायदा आहे. उमेदवारानं मागणी केली तर ३० दिवसांत व्हिडिओ पुसावा लागतो. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रही त्याच दिशेचं, ज्या कामासाठी घेतलं ते संपलं की ठेवायचं नाही. आम्ही उमेदवारांना निकालानंतर ९० दिवस असं लिहून दिलं होतं. तक्रार आली तर उत्तर देता यावं म्हणून तेवढे दिवस.

आणि तक्रार आली. निवड न झालेल्या प्रत्येकाला आम्ही प्रश्नवार गुण कळवले होते. त्यातल्या एका मुलानं फोन केला. चिडलेला नव्हता, बारीक आवाजात विचारत होता. मी त्याचा कागद काढून वाचला, "पहिल्या प्रश्नात दोघांचेही २ गुण आहेत. तुम्ही सगळं पुतण्याला समजावलंत, अगदी नीट समजावलंत. पण आजींना काही विचारलंच नाही."

"पण सर," तो म्हणाला, "आजींना बोलता येत नव्हतं ना?"

मी प्रश्न पुन्हा वाचला. "बोलतो आहे तो पुतण्याच." लिंक पाठवण्याआधी हे प्रश्न आम्ही शाखेतल्याच चार कर्मचाऱ्यांकडून सोडवून घेतले होते, आणि त्यांच्यातल्या कुणाला असा अर्थ सुचला नव्हता, कारण अशा आजी त्यांच्याकडे आठवड्याला येतात. बाहेरचा कुणी आम्ही बसवलाच नव्हता. रेकॉर्डिंग अजून होती, म्हणून सगळ्यांचं पहिलं उत्तर पुन्हा ऐकलं. आणखी तिघांनी आजींना बोलता येत नाही असंच धरलं होतं. त्यातल्या एकीनं तर "त्यांना खुणेनं विचारीन" असं म्हटलं होतं आणि आम्ही दोघांनीही ते बडबड समजून सोडून दिलं होतं. पट्टीप्रमाणे ते आजींशी थेट बोलणंच होतं. दोघांचा एकेक गुण वाढून तिचे १९ चे २१ झाले. तिला आणि फोन करणाऱ्या मुलाला आम्ही पुढच्या सोमवारी शाखेत बोलावलं. प्रश्नाच्या मजकुरात आता "आजींना नीट ऐकू येतं आणि बोलता येतं" असं एक वाक्य जास्त आहे.